आवडणं ही प्रेमाची पायरी नव्हे

"माझं तुझ्यावर प्रेम आहे, पण मी तुझ्या प्रेमात नाही." हे वाक्य ऐकणाऱ्याला बोचतं, आणि बहुतेकदा तो उलट विचारतो, "म्हणजे नक्की काय?" बोलणाऱ्यालाही ते धड सांगता येत नाही. तरीही दोघांना एक गोष्ट कळलेली असते, की या वाक्याच्या दोन अर्ध्यांमध्ये वेगवेगळ्या दोन गोष्टी आहेत आणि एक असून दुसरी नसणं शक्य आहे.

आपल्या मनात या भावनांचं चित्र साधारण जिन्यासारखं असतं. खाली आवडणं, वर प्रेम, त्याच्या वर प्रेमात असणं आणि अगदी माथ्यावर कुणालातरी देव मानणं. जास्त आवडायला लागलं की प्रेम होतं, प्रेम उतू गेलं की भक्ती होते, असं काहीसं. हे चित्र सोपं आहे, पण मोजायला गेलं की कोसळतं. ते पहिल्यांदा नीट मोजलं १९७० साली.

झिक रूबिन हा अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात पीएचडी केलेला तरुण मानसशास्त्रज्ञ. प्रेम मोजता येतं का, हा प्रश्न त्या काळात जरा हसण्यावारी नेला जायचा. रूबिनने दोन प्रश्नावल्या बनवल्या. एक प्रेमाची आणि एक आवडीची, प्रत्येकीत १३ विधानं. प्रत्येक विधानासमोर १ ते ९ पैकी आकडा द्यायचा, म्हणजे एका प्रश्नावलीत जास्तीत जास्त ११७ गुण. प्रेमाच्या यादीत तीन प्रकारची विधानं होती: या माणसावाचून मला करमणार नाही, याच्यासाठी मी जवळजवळ काहीही करेन, आणि याच्याजवळ मी मनातलं सगळं बोलू शकतो. आवडीच्या यादीचा सूर पार निराळा होता. हा माणूस समंजस आहे, याच्या निर्णयावर माझा विश्वास आहे, निवडणुकीला उभा राहिला तर मी याला मत देईन, हा बराचसा माझ्यासारखा आहे.

पहिली यादी 'मला काय होतं' हे विचारते आणि दुसरी 'तो माणूस कसा आहे' हे विचारते. आवड म्हणजे समोरच्याचं चांगलं मूल्यमापन. प्रेम म्हणजे गरज, काळजी आणि जवळीक यांची वीण. इथेच जिना डळमळतो, कारण एखाद्या माणसाला चांगला म्हणणं आणि त्याच्यावाचून न करमणं यांत कमी-जास्तपणाचं नातंच नाही.

रूबिनने या याद्या १५८ प्रेमी जोडप्यांना भरायला दिल्या. प्रत्येकाने एकदा आपल्या जोडीदाराबद्दल आणि एकदा आपल्याच लिंगाच्या जवळच्या मित्राबद्दल किंवा मैत्रिणीबद्दल भरायच्या. जोडीदाराच्या प्रेमाचे सरासरी गुण मुलींचे आणि मुलांचे जवळपास सारखेच आले, ८९ च्या थोडे वर. आता मित्रांकडे बघा. मुलांनी मित्राला आवडीचे सरासरी ७९ गुण दिले, म्हणजे जोडीदाराला दिलेल्या आवडीपेक्षा फक्त पाच-सहा कमी. प्रेमाचे मात्र ५५ च दिले. म्हणजे आवडीच्या पट्टीवर मित्र आणि प्रेयसी जवळजवळ शेजारी बसलेले, आणि प्रेमाच्या पट्टीवर त्यांच्यात ३४ गुणांची दरी. मुलींनी मैत्रिणीला प्रेमाचे ६५ गुण दिले, म्हणजे दरी जरा अरुंद, पण तीही २४ ची. आवड आणि प्रेम ही एकाच पट्टीची दोन टोकं असती, तर मित्राचे दोन्ही आकडे सारखेच घसरायला हवे होते.

दुसरा पुरावा जोडीदारांबद्दलच्याच आकड्यांमध्ये आहे. जोडीदारावर ज्यांचं प्रेम जास्त, त्यांना तो जास्त आवडतोही का? पूर्ण मेळ असेल तर सहसंबंधाचा आकडा १ येतो, काहीच मेळ नसेल तर ०. मुलांमध्ये तो ०.६० आला आणि मुलींमध्ये ०.३९. म्हणजे मुलींच्या बाबतीत जोडीदार किती आवडतो हे कळलं तरी त्याच्यावर किती प्रेम आहे याचा अंदाज फारसा बांधता येत नव्हता. हा माणूस मला फारसा पटत नाही, पण याच्यावाचून जमतही नाही, असं म्हणणारी माणसं आपण पाहिलेली असतात. ती गोंधळलेली नसतात. त्यांच्या दोन पट्ट्यांवर दोन वेगळे आकडे असतात, इतकंच.

रूबिनने एक गंमतशीर पडताळाही घेतला. जोडप्यांना प्रयोगाच्या बहाण्याने बसवून ठेवलं आणि ते एकमेकांकडे किती बघतात ते लपून मोजलं. प्रेमाचे गुण ज्यांचे जास्त होते, ती जोडपी एकमेकांच्या डोळ्यांत एकाच वेळी जास्त बघत होती. कागदावरचे आकडे निदान हवेत तरंगत नव्हते.

पण रूबिनच्या यादीत एक उणीव राहिलीच. तिच्यात 'प्रेम असणं' आणि 'प्रेमात असणं' एकाच टोपलीत पडले होते. ते वेगळे करण्याचं काम १९९७ साली सारा मायर्स आणि एलन बर्शाइड यांनी केलं, आणि त्यांची युक्ती इतकी साधी की ती आधी कुणाला कशी सुचली नाही याचं नवल वाटतं. त्यांनी भावनांची व्याख्या विचारलीच नाही. लोकांना फक्त याद्या करायला सांगितल्या: ज्यांच्यावर तुमचं प्रेम आहे अशी माणसं लिहा, ज्यांच्या प्रेमात तुम्ही आहात ती लिहा, ज्यांच्याबद्दल शारीरिक आकर्षण वाटतं ती लिहा. पहिली यादी लांबलचक निघाली, तिच्यात आईवडील, भावंडं, मित्र सगळे. 'प्रेमात' असलेल्यांची यादी इवलीशी. आणि या इवल्या यादीतली माणसं बहुतेक सगळी पहिल्या यादीतही होती आणि आकर्षणाच्या यादीतही. उलटं मात्र नव्हतं: प्रेमाच्या यादीतली बरीच माणसं बाकी कुठेच नव्हती. इंग्रजीत या दोन वाक्यांमधला फरक जेमतेम एका शब्दयोगी अव्ययाचा आहे, आणि त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच त्या अव्ययाचा उल्लेख होता. मराठीत तर तेवढाही नाही. आपलं काम सप्तमीच्या 'त' प्रत्ययावर भागतं. प्रेम, आणि प्रेमात.

आता हेच वाक्य घेऊन इतर भाषांच्या दारात जाऊ या.

हंगेरियन माणसाला हे वाक्य म्हणायला काहीच अडचण नाही. त्याच्याकडे प्रेमाला दोन सरळ वेगळी नामं आहेत. 'सेरेतेत' म्हणजे आई, मित्र, शेजारी, माणुसकी यांच्यावरचं प्रेम, आणि 'सेरेलेम' म्हणजे प्रियकर-प्रेयसीचं. दोन्ही एकाच धातूपासून निघालेली, पण बोलताना त्यांची सरमिसळ होत नाही. 'सेरेतलेक' हे एका शब्दाचं वाक्य मुलाला, आजीला आणि बायकोला, तिघांनाही म्हणता येतं. 'मी तुझ्या प्रेमात आहे' म्हणायचं तर 'सेरेल्मेश' हे विशेषण लागतं. आणि प्रेमात पडण्याचं क्रियापद आहे 'बेलेसेरेत', शब्दशः 'आत प्रेम करणे'. रशियनमध्येही तेच: 'ल्युबीत्' म्हणजे प्रेम करणे, त्याला 'आत' या अर्थाचा 'व' उपसर्ग लावून आणि क्रिया स्वतःवर वळवून 'व्ल्युबीत्सा', म्हणजे प्रेमात पडणे. हंगेरियन आणि रशियन या एका कुळातल्या भाषा नाहीत. तरी दोघींनीही फरक दाखवायला 'आत' हाच शब्द निवडला, आणि मराठीतही आपण आतच पडतो.

स्पॅनिशची तऱ्हा आणखी बोलकी आहे. त्या भाषेत 'असणे' ही क्रिया दोन क्रियापदांत विभागलेली आहे. माणूस मुळात कसा आहे हे 'सेर'ने सांगतात, आणि तो सध्या कोणत्या अवस्थेत आहे, म्हणजे दमलेला, आजारी, बसलेला, हे 'एस्तार'ने. 'प्रेमात आहे' म्हणताना स्पॅनिश माणूस एस्तार वापरतो: एस्तोय एनामोरादो. प्रेम करणे हे साधं क्रियापद, पण प्रेमात असणं ही दमलेपणासारखी अवस्था. व्याकरणाने इथे मानसशास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी निदान करून ठेवलंय, असं म्हणण्याचा मोह होतो.

मोह अशासाठी, की अवस्था हा शब्द खरोखर बरोबर बसतो. डोरोथी टेनॉव्ह या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी शेकडो लोकांकडून त्यांच्या प्रेमाच्या कहाण्या गोळा केल्या आणि १९७९ सालच्या पुस्तकात या अवस्थेचं वर्णन 'लिमरन्स' या नावाने केलं. त्यांनी टिपलेली लक्षणं ओळखीची वाटतील. त्याच माणसाचे विचार न बोलावता सतत येणं, त्याच्या साध्या हालचालीतून आपल्याबद्दलचा इशारा शोधणं, होकाराच्या आशेवर आणि नकाराच्या भीतीवर मन हिंदकळणं. यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे अनिश्चितता. उत्तर पक्कं नसेल तर ही अवस्था चढते आणि पक्कं झालं, होकार असो वा नकार, की हळूहळू उतरते. साधं प्रेम असं वागत नाही. भावाचं आपल्यावर प्रेम आहे याची खात्री झाली म्हणून आपलं त्याच्यावरचं प्रेम ओसरत नाही.

मेंदूत याचा एक धागा सापडतो, आणि तो उंदरांपासून सुरू होतो. केंट बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवून टाकलं. तोवर समज असा होता की डोपामिन म्हणजे सुख. हे उंदीर खरंच समोरच्या अन्नाकडे ढुंकूनही बघेनात, भरवलं नाही तर उपाशी मरतील इतके. पण त्यांच्या तोंडात साखरेचं पाणी सोडलं, तर ते नेहमीसारखेच जिभल्या चाटत होते. गोड त्यांना आवडत होतं, फक्त हवंसं वाटत नव्हतं. आवडणं आणि हवंसं वाटणं ही दोन वेगळी यंत्रं निघाली, आणि डोपामिन दुसऱ्या यंत्राचं इंधन.

त्यानंतर २००५ साली आर्थर आरन, हेलन फिशर आणि ल्यूसी ब्राउन यांनी नुकतेच प्रेमात पडलेल्या १७ जणांना एमआरआय यंत्रात घातलं. सरासरी सात महिन्यांचं प्रेम. कधी प्रिय व्यक्तीचा फोटो दाखवायचा, कधी तितक्याच ओळखीच्या पण मनात काही न हलवणाऱ्या माणसाचा. मध्ये एका मोठ्या आकड्यातून सात-सात वजा करत मागे मोजायला लावायचं, कारण प्रेमाची लहर पुढच्या फोटोपर्यंत ओसरावी म्हणून दुसरा उपाय नव्हता. (एवढं गणित करूनही ती पूर्ण ओसरत असेल का, याची मला शंका आहे.) प्रिय व्यक्तीच्या फोटोला डोपामिन तयार करणारा मध्यमेंदूतला भाग आणि त्याच्याशी जोडलेला पुच्छकेंद्राचा भाग उजळला. ही हवंसं वाटण्याची, मागे लागण्याची वाट. याचा अर्थ मेंदूत प्रेमाची खोली सापडली असा नाही. तहानेला, पैशाला, व्यसनालाही हीच वाट उजळते. शिवाय उंदराला साखर आवडणं आणि माणसाला माणूस आवडणं एक नव्हे. पण एवढं नक्की, की प्रेमात असण्यात 'आवडलं' यापेक्षा 'हवं' याचा वाटा मोठा आहे. २०१२ साली बिआंका असेवेडो आणि याच गटाने सरासरी २१ वर्षं लग्न झालेल्या आणि अजूनही जोडीदारावर उत्कट प्रेम आहे म्हणणाऱ्या १७ जणांवर हाच प्रयोग केला. हवंसं वाटण्याची वाट त्यांच्यातही उजळली. ती वर्षांनी आपोआप विझतेच असं नाही.

स्पॅनिश माणूस 'तुझ्यावर माझं प्रेम आहे' यासाठी रोजच्या बोलण्यात 'ते किएरो' म्हणतो. केरेर या क्रियापदाचा दुसरा अर्थ 'हवं असणे'. पाणी हवं, खुर्ची हवी, तू हवीस, सगळ्याला तेच. इटालियनने तोच 'इच्छिणे' हा धागा उलट्या बाजूने ओढला: 'ती वोल्यो बेने', म्हणजे 'मी तुझं भलं इच्छितो', आणि हे आईला, मित्राला म्हणायचं. प्रियकराला 'ती आमो'. एका भाषेने रूबिनच्या यादीतली गरज उचलली, दुसरीने काळजी.

आपल्याकडचा पुरावा तर घरातच पडून आहे. संस्कृतातला 'लुभ्', म्हणजे हाव धरणे, आणि इंग्रजीतला 'लव्ह', जर्मनमधला 'लीब', रशियनमधला 'ल्युबीत्' हे सगळे एकाच प्राचीन इंडो-युरोपीय धातूपासून आले. तो धातू संस्कृतातून मराठीत आला तो 'लोभ' होऊन, आणि इथे त्याने दोन्ही अर्थ जपले. पैशाचा लोभ वाईट, पण पत्राच्या शेवटी लिहिलेलं 'लोभ असावा' हे स्नेहाचं. हावरेपणा आणि माया एकाच शब्दात कशा राहतात हे परक्याला समजावणं कठीण, पण उंदरांचा प्रयोग वाचल्यावर ते फारसं विचित्र वाटत नाही.

आवडीच्या बाबतीत मात्र मराठीचं व्याकरण प्रेमाहून वेगळं वागतं. 'मला तू आवडतोस' यात कर्ता 'तू' आहे आणि 'मला' चतुर्थीत, म्हणजे मी काही करत नाही, माझ्यापाशी काहीतरी घडतं. स्पॅनिशचं 'मे गुस्तास' आणि तमिळचं 'पिडिक्कुम' अशीच उलटी बांधणी वापरतात. प्रेम मात्र 'मी करतो', तिथे मी कर्ता होतो आणि जबाबदारी अंगावर घेतो. प्रेमात पुन्हा 'पडतो', म्हणजे कर्ता राहूनही माझ्या हातात काही नाही. फ्रेंचची गोष्ट तर परदेशी विद्यार्थ्यांना हमखास फसवते. तिथे आवडणे आणि प्रेम करणे या दोन्हींना एकच क्रियापद, 'एमे'. मग फरक कसा करायचा? 'झ तेम' म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे. त्याला 'चांगलं' या अर्थाचं 'ब्यँ' जोडून 'झ तेम ब्यँ' म्हटलं की जोर वाढायला हवा, पण तो ओसरतो: तू मला आवडतोस, बस, तेवढंच. क्रियाविशेषण लावून प्रेम पातळ करणारी ही भाषा आहे.

राहिलं ते चौथं, ज्याला इंग्रजीत 'अडोअर' म्हणतात. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ प्रार्थना करणे, पूजणे. आजच्या इंग्रजीत तो देवालाही चालतो, लाडक्या भाचीलाही आणि नव्या बुटांनाही. मराठीत हे एका शब्दात बसत नाही, आणि मला वाटतं ते बरंच आहे. वरच्याकडे बघताना आपण भक्ती म्हणतो, खाली बघताना कौतुक आणि लाड. मानसशास्त्रज्ञ इनेस शिंडलर आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली या भावनेची आदराशी तुलना केली. आदर वाटतो त्या माणसासारखं व्हावंसं वाटतं. त्याचे गुण दिसतात, समजतात, म्हणून उचलता येतात. आराधनेत समोरचा आपल्या आकलनापलीकडचा असतो, त्याच्यासारखं होण्याचा प्रश्नच नसतो, फक्त त्याच्याशी जोडलेलं राहावंसं वाटतं. म्हणून जिन्याच्या माथ्यावर तिची जागा नाहीच. एखाद्या गायिकेची आराधना करणाऱ्याला ती माणूस म्हणून आवडेल की नाही, हे त्यालाही ठाऊक नसतं. तिच्या समंजसपणाला तो नऊपैकी किती गुण देणार?

भाषांचं हे वेगळेपण सांगताना लोक हमखास ग्रीकांचे चार शब्द काढतात: एरोस, फिलिया, स्टॉर्गे, अगापे, प्रत्येकाचा एकेक स्वच्छ कप्पा. हे कप्पे इतके स्वच्छ कधीच नव्हते. बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतरात दावीदाचा मुलगा अम्नोन आपल्या सावत्र बहिणीच्या वासनेने वेडा होतो, तिथेही क्रियापद 'अगापे'चंच आहे, जे निःस्वार्थ प्रेमाचं म्हणून मिरवलं जातं. आजच्या ग्रीकमध्ये प्रियकराला म्हणायचं 'सागापो'सुद्धा त्याच धातूचं. शब्द वेगळे आहेत म्हणून भावना तशाच कापलेल्या असतात असं नाही, आणि शब्द एकच आहे म्हणून लोकांना फरक कळत नाही असंही नाही.

तरी शब्दांचा शेजार कुणाशी आहे, हे बघण्यासारखं असतं. २०१९ साली जोशुआ जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी २,४७४ भाषांचे कोश तपासले. एका शब्दात कोणत्या दोन भावना राहतात, एवढंच त्यांना बघायचं होतं. भाषाकुळांप्रमाणे शेजार बदलतो, असं निघालं. ऑस्ट्रोनेशियन कुळात, म्हणजे मलायापासून हवाईपर्यंत पसरलेल्या भाषांत, प्रेमाचा शेजारी हाव नाही, आवडही नाही. तो आहे कीव. हवाईचा 'अलोहा' प्रेमही आहे आणि करुणाही. इफालुक या चिमुकल्या बेटावर राहिलेल्या मानववंशशास्त्रज्ञ कॅथरीन लट्झ यांनी तिथला 'फागो' हा शब्द एका शब्दात इंग्रजीत आणता येत नाही म्हणून तीन शब्द वापरले: करुणा, प्रेम, दुःख. आजारी माणसाबद्दल, प्रवासाला निघालेल्या भावाबद्दल, शांत आणि गुणी माणसाबद्दल फागो वाटतो. ज्याला काही होऊ शकतं, जो आपल्यापासून दूर जाऊ शकतो, त्याच्याबद्दलची ती भावना आहे.

इंडोनेशियन भाषेत आवडण्याला 'सुका', प्रियकराच्या प्रेमाला 'चिंता' (आपलाच संस्कृत शब्द, काळजीकडून प्रेमाकडे गेलेला) आणि मायेला 'सायांग'. लेकराला सायांग म्हणून हाक मारतात, नवरा बायकोला मारतो. आणि हातातली वस्तू पडून फुटली, चांगली संधी हुकली, तरी तोंडातून निघतं तेच: सायांग. अरेरे.